सापाच्या फोटोवरून नाव सांगताय? या चुका टाळा

पावसाळा लागला की नाशिकच्या आसपासच्या मळ्यांतून सापांचे फोटो यायला सुरुवात होते. फोटो धूसर, अर्धा साप क्रेटखाली आणि खाली एकच प्रश्न: "विषारी आहे का?" दोन मिनिटांत कुणीतरी उत्तर देऊन मोकळा होतो. या घाईचा मला मनापासून राग आहे. तिकडे त्या उत्तरावर विसंबून माणसं रात्री जमिनीवर अंथरूण टाकणार असतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मण्यार आणि कवड्या यांच्यात. मण्यार अत्यंत विषारी, कवड्या बिनविषारी. दोन्ही रात्रीचे, दोघांच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे आणि दोन्ही घरात शिरणारे. माझ्या ओळखीच्या दोन मित्रांचं यावरून चांगलंच वाजलं होतं. त्यांनी तो वाद ज्या पद्धतीने मिटवला, ती पद्धत मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो.

मखमलाबादजवळच्या द्राक्षबागेत जुलैमध्ये, दिवेलागणीनंतर, सालगड्याच्या बायकोला शेडमध्ये क्रेटच्या थप्पीशेजारी साप दिसला. सालगड्याने मोबाइलवर फोटो काढून मालकाला पाठवला, मालकाने तो पुढे आप्पाला आणि बाळूला. आप्पा म्हणाला, "मण्यार आहे. काळी कुळकुळीत, वर चकाकी." बाळू म्हणाला, "अरे, पट्टे मानेपासूनच सुरू झालेत. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक आणि मानेकडे पुसट असतात. कवड्याचं बरोबर उलट. हा कवड्याच."

बाळूचा नियम चुकीचा नाही, पण तो मोठ्या सापांचा. मण्यारीच्या पिल्लांना पट्टे पुढच्या भागातही ठळक असतात आणि जुलै हा पिल्लं दिसण्याचाच काळ. आप्पाचा रंगाचा आधारही तितकाच कच्चा. साधा कवड्या तपकिरी असतो खरा, पण पट्टेरी कवड्या जवळपास काळा असतो. त्यात फ्लॅशच्या उजेडात गुळगुळीत अंगाचा कुठलाही साप चकाकतो. म्हणजे दोघांकडे एकेक खूण होती आणि दोन्ही खुणा एकट्याने पुरेशा नव्हत्या. नेमकी इथेच बहुतेकांची चूक होते: एक खूण जुळली की पुढचं बघायचंच नाही.

वाद चढायला लागल्यावर आप्पाने एक शहाणपणाची गोष्ट केली. तो म्हणाला, "बाळ्या, कोण बरोबर ते नंतर बघू. ठरत नाही तोवर ती मण्यारच धरायची. आधी त्यांना फोन लाव." फोन गेला. पोरांना शेडमधून बाहेर काढलं, अंथरुणं जमिनीवरून खाटांवर गेली, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचायला सांगितली. क्रेटला हात लावायचा नाही, लांबून फक्त नजर ठेवायची, असं बजावलं. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवलं. मगच दोघं पुन्हा फोटोकडे वळले.

आता दुसरी मोठी चूक, आणि ही मला सगळ्यात जास्त खटकते: हाताहातातून फिरलेला फोटो. फॉरवर्ड होताना फोटो दाबला जातो आणि खवल्यांचा लगदा होतो. वर कुणीतरी "साप नीट दिसावा" म्हणून कडा कापतो. बाळूने सालगड्याकडून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवला. तो उघडल्यावर कळलं की मधल्या कुणीतरी शेपटीकडचा भाग कापून टाकला होता. मूळ फोटोत साप डोक्यापासून शेपटीपर्यंत होता आणि बारीक पांढरे पट्टे शेपटीच्या टोकापर्यंत स्पष्ट जात होते. कवड्याचे पट्टे मागे जाताना विरत जातात. शेजारच्या क्रेटशी ताडून पाहिलं तर साप जेमतेम दीड वीत भरला, म्हणजे पिल्लूच. बाळूच्या नियमाचा पायाच सुटला.

तरी एवढ्यावर त्यांनी निकाल दिला नाही, आणि हेच मला आवडलं. खरी खूण पाठीवर असते. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध, कण्यावरून, मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग जाते. शेजारच्या खवल्यांपेक्षा ती उघड मोठी दिसते. कवड्याच्या पाठीवरचे खवले सगळे साधारण सारखेच. फ्लॅश नेमका कण्यावर पडल्यामुळे मधला भाग पांढराफटक झाला होता. म्हणून त्यांनी अंगाचं वळण शोधलं, जिथे पाठ उजेडापासून थोडी कलली होती. तिथे झूम केल्यावर एकामागून एक षटकोन दिसले. दोघांनी वेगवेगळ्या मोबाइलवर, एकमेकांना न सांगता पाहिलं आणि मग बोलले. बाळू म्हणाला, "आप्पा, मण्यारच रे." फोटो वरून काढलेला असल्याने डोक्याच्या बाजूचे खवले दिसत नव्हते, तेव्हा त्यावर कुणी अंदाज बांधत बसलं नाही.

थोड्या वेळाने आलेल्या सर्पमित्राने हुकाने क्रेट एकेक करून बाजूला घेतले. पिल्लू तळाच्या क्रेटखाली वेटोळं करून होतं. त्याने पाठीवरची तीच रांग बॅटरीच्या उजेडात सगळ्यांना लांबून दाखवली.

ते षटकोन दिसलेच नसते तर? तर उत्तर होतं "फोटोवरून सांगता येत नाही" आणि खाटा, मच्छरदाणी, सर्पमित्र हे सगळं तसंच राहिलं असतं. नवशिक्यांना हे उत्तर द्यायला लाज वाटते. चार फोटो बघून झाले की प्रत्येकाला छातीठोक नाव सांगायचं असतं. मी स्वतः खवले दिसल्याशिवाय "कवड्या" हा शब्द उच्चारत नाही. मण्यार समजून कवड्याला जपलं तर एक रात्र गैरसोय होते. उलटं झालं तर जीव जातो.

बाकीच्या चुका थोडक्यात. डोकं त्रिकोणी म्हणजे विषारी, हे डोक्यातून काढा. मण्यारीचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंदही नसतं. चांगल्या फोटोसाठी सापाला काठीने डिवचू नका, लांबून झूम करा. मारून फोटो तर मुळीच नको. पिल्लू आहे म्हणून हातात घेऊ नका, मण्यारीचं पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी असतं.

आणि साप चावला असेल तर फोटोचा विषयच बाजूला ठेवा. मण्यारीचा दंश बऱ्याचदा झोपेत होतो. दुखत नाही, सूज जवळजवळ येत नाही, दातांच्या खुणाही सापडत नाहीत. मग पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, गिळता येत नाही आणि पुढे श्वास अडतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पावसाळ्यात अशी लक्षणं दिसली तर साप कुणी पाहिला नसला तरी १०८ ला फोन करा. हात किंवा पाय हलू न देता, काही न बांधता, न कापता थेट सरकारी रुग्णालयात न्या. आपल्याकडचं सर्पविषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच असतं. ते डॉक्टर लक्षणं बघून देतात, सापाचं नाव ठरण्याची वाट बघत नाहीत.