लाईट गेली तरी पाण्याचा हिशेब चुकू नये म्हणून: डायव्हर घड्याळाचं फिरतं कडं कसं वापरावं

जालन्याकडे आमच्या मोसंबीला ठिबकचे दोन व्हॉल्व्ह आहेत. एकाला ४० मिनिटं पाणी, मग दुसऱ्याला ४०. रात्रपाळीची लाईट असली की भाऊ मोटार चालू करतो आणि तासाभराने विचारतो, "किती वाजता चालू केली होती रं?" मी म्हणतो नऊला, तो म्हणतो सव्वानऊला. फोनमध्ये टायमर आहे, पण चिखलाच्या ओल्या हाताला स्क्रीन जुमानत नाही. मनगटावरच्या डायव्हर घड्याळाने, म्हणजे मुळात पाणबुड्यांसाठी बनवलेल्या घड्याळाने, हा वाद मिटला.

या घड्याळाच्या काचेभोवती फिरणारं कडं असतं, त्याला बेझल म्हणतात. त्यावर १०, २०, ३०, ४०, ५० असे आकडे असतात आणि शून्याच्या जागी त्रिकोण. त्रिकोणात बहुधा अंधारात चमकणारा ठिपका असतो. काही घड्याळांच्या कड्यावर २४ पर्यंत आकडे असतात. ते दुसऱ्या देशाची वेळ बघायला, इथे त्यांचा उपयोग नाही.

मोटार चालू केली की कडं फिरवून त्रिकोण मिनिटकाट्याच्या टोकासमोर आणा. तासकाट्यासमोर नाही, पहिल्या वेळी हीच चूक होते. बाजूच्या चावीला हात लावायचा नाही, घड्याळाची वेळ आहे तशीच राहते. कडं फक्त डावीकडे, म्हणजे काट्यांच्या उलट दिशेने फिरतं. त्रिकोण पुढे निघून गेला तर मागे आणता येत नाही, आणखी एक फेरा मारावा लागतो. बऱ्याच घड्याळांत एका फेऱ्याला १२० खटके असतात, म्हणजे अर्ध्या मिनिटाला एक. त्यानंतर नुसतं बघायचं: मिनिटकाटा कड्यावरच्या ज्या आकड्यासमोर असेल, तेवढी मिनिटं झाली.

समजा ९ वाजून १० मिनिटांनी मोटार चालू केली. त्रिकोण डायलवरच्या २ समोर आला. मिनिटकाटा कड्यावरच्या ४० समोर आला की ९.५० झालेले असतील. तेव्हा आधी दुसरा व्हॉल्व्ह उघडायचा, मग पहिला बंद करायचा आणि त्रिकोण पुन्हा मिनिटकाट्यासमोर आणायचा.

पण आपल्याकडे लाईट सरळ ४० मिनिटं राहिली तर ना! ९.३२ ला गेली असं धरा. मोटारीचा आवाज थांबला की लगेच कड्यावर बघा: काटा २२ वर आहे. एवढा एकच आकडा लक्षात ठेवायचा. लाईट ९.५० ला आली. आता कडं असं फिरवायचं की त्यावरची २२ ची रेघ मिनिटकाट्यासमोर येईल. २२ ची रेघ आखलेली नसेल तर २० च्या दोन मिनिटं पुढची जागा अंदाजाने धरा. त्रिकोण आपोआप डायलवरच्या २८ व्या मिनिटावर जाऊन बसतो. आता मिनिटकाटा ४० समोर येईल तो १०.०८ ला, म्हणजे राहिलेली १८ मिनिटं बरोबर भरतात. बेरीज नाही, वजाबाकी नाही.

यात एक अडचण आहे. स्टार्टरला ऑटो लावलेला असेल तर लाईट येताच मोटार आपोआप चालू होते, आणि तुम्ही झोपेत असाल तर कधी चालू झाली ते कड्याला कुठून कळणार? हिशेब हवा त्या रात्री ऑटो बंद ठेवा.

कडं एकाच बाजूला का फिरतं, हे समजलं की त्यावर विश्वास बसतो. पाणबुड्याचा हात खडकावर घासून कडं सरकलं तर त्रिकोण मागेच जातो आणि झालेला वेळ खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. माणूस हवा संपायच्या आधी वर येतो. आपल्याकडे फावड्याच्या दांड्याला घासून सरकलं तर झाडाला थोडं पाणी कमी पडेल, एवढंच. स्वस्तातली काही घड्याळं दोन्हीकडे फिरतात, तिथे चूक उलटीही होऊ शकते. घेताना उजवीकडे फिरवून बघा. हललं तर ठेवून द्या.

एका तासाच्या पुढे कडं मोजत नाही. ९.१० ला सुरू केलेली मोटार १०.४० ला बघितली तर काटा ३० दाखवेल. तासकाटा कुठे होता ते आठवून एक तास आपणच मिळवायचा.

महिन्या-दोन महिन्यांनी कडं जड फिरायला लागलं तर खाली माती अडकली समजा. घड्याळ खरंच वॉटरप्रूफ असेल तर चावी घट्ट बंद करून साध्या पाण्याखाली जुन्या मऊ ब्रशने कड घासायची आणि घासताना कडं फिरवत राहायचं. तेल मात्र घालू नका, त्याला काळी माती आणखी चिकटते.