नैतिकता समितीचा अर्ज इंडोनेशियनमध्ये आणताना: जोखीम, संमती आणि माहितीचे संरक्षण

ज्या समितीकडे अर्ज जाणार आहे तिचा अर्जाचा चालू नमुना आधी मिळवावा आणि मुख्य संज्ञा शब्दकोशातून न घेता त्यातूनच घ्याव्यात. संशोधनात सहभागी होण्याच्या संमतीला आरोग्य संशोधनात सहसा ‘पर्सतुजुआन सतलाह पन्जलासान’, म्हणजे समजावून सांगितल्यानंतरची संमती, असे म्हणतात. उपचारासाठी घेतल्या जाणाऱ्या संमतीचे नाव वेगळे आहे आणि ते इथे चालत नाही. शीर्षके, वेळापत्रक आणि खर्चाचे तक्ते यांबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

खरी कसोटी जोखमीच्या परिच्छेदात लागते. समजा, जावामधील एका पुस्केस्मासमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, येणाऱ्या मधुमेही प्रौढांच्या शिरेतून 5 मिलिलिटर रक्त घ्यायचे आहे आणि इंग्रजी मसुद्यात ‘मे’ हे एकच सहाय्यक क्रियापद वापरून लिहिले आहे की सहभागींना चक्कर येऊ शकते, आणि त्यानंतर दोनच ओळींनी, ते अभ्यासातून कधीही बाहेर पडू शकतात. पहिल्या वाक्यात शक्यता आहे, दुसऱ्यात हक्क आहे. घाईत काम करणारा अनुवादक दोन्ही ठिकाणी ‘दापात’ लिहून मोकळा होतो, कारण हा शब्द क्षमता, शक्यता आणि मुभा या तिन्ही अर्थांनी चालतो. तसे करू नये. शक्यतेसाठी ‘मुंगकिन’ आणि हक्कासाठी ‘बरहाक’ वापरावा. ‘बोलेह’ म्हणजे कोणीतरी दिलेली परवानगी, आणि अभ्यास सोडण्यासाठी सहभागीला कोणाचीही परवानगी लागत नाही. ज्या केंद्रात उपचार होतात त्याच केंद्रात संशोधनासाठी रक्त दिले जात असल्यामुळे, नकार दिल्यास उपचारांत फरक पडणार नाही, हे वाक्य हक्काच्या वाक्याला लागूनच असले पाहिजे.

चक्कर या शब्दाकडेही असेच बारकाईने पाहावे. ‘पुसिंग’ हा शब्द बोलण्यात चक्कर येणे आणि डोके दुखणे या दोन्हींसाठी वापरला जातो. म्हणून रक्त घेतल्यानंतर शुद्ध हरपल्यासारखे वाटू शकते, असे लक्षणाचेच वर्णन करावे, आणि 5 मिलिलिटर म्हणजे साधारण एक चमचाभर, हेही सोबत लिहावे. मूळ मसुद्यात धोक्याचे प्रमाण दिलेले नसेल, तर अनुवादकाने ‘क्वचित’ हा शब्द स्वतःहून घालू नये. तो धीर देणारा वाटतो, पण त्याची जबाबदारी कोणीच घेतलेली नसते.

अशा चुका उलट-अनुवादात सापडतील असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो अर्धवट आहे. ‘दापात’ पुन्हा इंग्रजीत आणला की बहुधा ‘मे’च मिळतो, कागद निर्दोष दिसतो आणि संदिग्धता जिथल्या तिथे राहते. उलट-अनुवाद जरूर करावा, परंतु त्याशिवाय सहभागींसारख्याच दोन-तीन वाचकांना परिच्छेद वाचून दाखवावा आणि काय होऊ शकते, तुम्ही काय करू शकता, हे त्यांच्या शब्दांत सांगायला लावावे. ‘समजले का?’ असे विचारून काहीच कळत नाही, कारण उत्तर बहुतेक वेळा होकारार्थीच येते.

मराठी अनुवादकाला एक गोष्ट आयती मिळते. इंडोनेशियनमधील ‘कामी’ आणि ‘किता’ यांत आपल्या ‘आम्ही’ आणि ऐकणाऱ्याला सामावून घेणाऱ्या ‘आपण’ यांच्यासारखाच फरक आहे. रक्त घेणारे, माहिती जपणारे आणि जबाबदार असणारे ते ‘कामी’. तिथे ‘किता’ लिहिल्यास संशोधकांची जबाबदारी सहभागींच्याही माथी येते. प्रौढ सहभागींना ‘बापाक/इबू’ असे आदराने संबोधावे.

माहिती-संरक्षणाच्या भागासाठी इंडोनेशियाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, म्हणजे 2022 चा कायदा क्रमांक 27, समोर ठेवावा. त्याच्या नावात संरक्षणासाठी ‘पलिंदुंगान’ हा शब्द आहे, नेहमीचा ‘परलिंदुंगान’ नव्हे. माहिती पुसणे आणि ती नष्ट करणे यांसाठी कायद्यात स्वतंत्र कलमे आहेत, त्यामुळे मुदत संपल्यावर यांतले नेमके काय होणार हे संशोधकाकडून लेखी घ्यावे. आरोग्यविषयक माहिती हा कायद्यानुसार विशेष प्रकार आहे. रक्ताच्या नमुन्यांवर सांकेतिक क्रमांक असतील आणि नावांची यादी संशोधकाच्या कपाटात असेल, तर ती माहिती ‘आनोनिम’ नाही, मूळ मसुद्यात तसे म्हटलेले असले तरीही. निष्कर्ष पुण्यातील प्रयोगशाळेकडे जाणार असतील, तर देशाबाहेर माहिती पाठवण्याच्या अटी लागू होतात: घेणाऱ्या देशात तोडीचे संरक्षण असावे, ते नसेल तर पुरेशी व बंधनकारक हमी असावी, आणि तीही नसल्यास त्या व्यक्तीची संमती घ्यावी. यांपैकी कशाचा आधार घेतला आहे हे संशोधकाने ठरवायचे असते.

मूळ मसुद्यातील अशा चुका अनुवादकाने परस्पर दुरुस्त करू नयेत, कारण मग समितीसमोरचा अर्ज आणि संशोधकाच्या हातातला आराखडा वेगवेगळी आश्वासने देऊ लागतात. शंका लेखी पाठवाव्यात, मूळ मसुदा बदलून घ्यावा, मगच अनुवाद बदलावा आणि दोन्हींवर एकच आवृत्ती क्रमांक व तारीख टाकावी.