आईच्या दागिन्यांची वाटणी: आधी शुद्ध सोनं काढा

नुसत्या तोळ्यांवर वाटणी केली की कोणीतरी हमखास फसतं, कारण जुने दागिने एका कसाचे नसतात. नागपुरात इतवारीच्या सराफ्यात तिघंही भावंडं सोबत जा आणि प्रत्येक दागिन्याचा कस मशीनवर तपासून घ्या. मशीन वरवरचंच वाचतं, म्हणून दोन-तीन जागी लावायला सांगा. लाख, मणी, खडे वजनातून वगळा.

समजा, पाटल्या ४० ग्रॅम, कस ९० टक्के: शुद्ध सोनं ३६ ग्रॅम. गोफ ३० ग्रॅम, ८० टक्के: २४. हार २६ ग्रॅम, त्यात लाख २. उरलेल्या २४ चे ७५ टक्क्यांनी १८. एकूण ७८, म्हणजे प्रत्येकी २६.

पाटल्या ताईने घेतल्या तर तिच्याकडे १० ग्रॅम जास्त. चोवीस कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० धरला, तर तिने गोफवाल्या भावाला २०,००० आणि हारवाल्याला ८०,००० द्यायचे. भाव एकाच दिवसाचा, घडणावळ आणि जीएसटी सोडून. तारीख आधीच ठरवा. भाव चढल्यावर मग कुरकूर नको. दागिना मोडायचाच असेल, तर मोडीचा भाव धरा, तो कमी असतो.