उधारी थकली होती, पत्राने वसूल झाली

माझं हार्डवेअरचं दुकान. नऊ वर्षं वहीवर माल नेणाऱ्या एका ठेकेदाराची बाकी दोन वर्षं थकली. फोन केले, साईटवर गेलो, उत्तर एकच, "शेठ, पुढच्या आठवड्यात." रात्री झोप लागेना.

मग पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात जुनी मैत्री आणि राग दोन्ही होतं, ते फाडलं. दुसऱ्यात आधी हिशेब मांडला: तीन बिलांचे नंबर, तारखा, एकूण ५०,३५० रुपये, जमा १२,०००, बाकी ३८,३५०. खाली पैसे देण्याची ठरावीक तारीख, पंधरा दिवसांनंतरची. शेवटी, "हिशेब मान्य असल्यास सोबतच्या प्रतीवर सही व तारीख घालून परत द्यावी."

खरं काम त्या सहीने केलं. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते. ती संपण्याआधी बाकी लेखी कबूल झाली, तर सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात. मुदत उलटल्यावरची नुसती कबुली ते काम करत नाही.

बिलांच्या झेरॉक्स जोडून पत्र स्पीड पोस्टाने पाठवलं, पावती वहीत चिकटवली. आठव्या दिवशी तो स्वतः आला, काउंटरवर सही केली, दहा हजार दिले. उरलेले तीन हप्त्यांत आले.