‘फ्रेम १२ × १६’ म्हणजे नक्की काय? चित्रं ऑनलाइन विकताना या चुका टाळा

सोलापुरातून प्रिंट आणि फ्रेम केलेली चित्रं ऑनलाइन विकणारे बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत. माल परत येतो तेव्हा दोष बहुतेक वेळा चित्रात नसतो, लिस्टिंगमधल्या दोन-तीन ओळींत असतो. त्या ओळी कशा चुकतात हे एका चित्रावरून दाखवतो.

चित्र आहे गड्ड्याच्या यात्रेचं. संक्रांतीची मिरवणूक, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, मध्ये उंच नंदीध्वज, मागे सिद्धेश्वराचं तळं. मूळ चित्र जलरंगात असून नंदीध्वजावर सोनेरी रंगाचे हात दिलेले आहेत. विकायला ठेवली होती त्याची छापील प्रत, माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आणि काच लावून फ्रेम केलेली. लिस्टिंग असं होतं: ‘नंदीध्वज फ्रेम पेंटिंग, साइज १२ × १६, प्रीमियम पेपर, लाकडी फ्रेम, रंगात थोडा फरक असू शकतो.’ पुण्याच्या एका ताईंनी ते घेतलं. दोन कपाटांच्या मधल्या १३ इंच रुंद भिंतीवर त्यांना ते लावायचं होतं. फ्रेम तिथे बसेना. वर त्यांची तक्रार अशी, की ‘दादा, चित्र केवढंसं आहे हो आत!’

दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या, आणि मापाबाबत विकणाऱ्यानेही खोटं काही लिहिलं नव्हतं. फ्रेमवाल्या काकांच्या दुकानात ‘बारा-सोळा’ म्हटलं की अर्थ होतो काचेचं माप. फ्रेमची पट्टी त्या काचेच्या बाहेर जाते आणि माउंट आतली जागा खातो. घेणारा मात्र ‘१२ × १६’ वाचून एक तर भिंतीवरची जागा धरतो, नाहीतर चित्राचा आकार. इथे दोन्ही अंदाज चुकले.

म्हणून फ्रेम केलेल्या चित्राची चार मापं वेगवेगळी धरायची. या चित्राची अशी निघाली. चित्र ८ × १२ इंच छापलेलं, भोवती अर्धा इंच कोरी कड, म्हणजे कागद ९ × १३. माउंटची खिडकी चित्रावर प्रत्येक बाजूने पाव इंचाच्या निम्मी चढते, म्हणून दिसणारं चित्र ७.७५ × ११.७५. काच १२ × १६. पट्टी १ इंच रुंद, पण तिच्या आतल्या खाचेत काच पाव इंच शिरते, त्यामुळे बाहेर पाऊणच इंच उरते. दोन्ही बाजूंचे मिळून दीड इंच वाढले आणि बाहेरचं माप झालं १३.५ × १७.५. ताईंच्या भिंतीला अर्धा इंच कमी पडला तो इथे. आणि भिंतीवर फ्रेम जितकी जागा घेते, तिच्या दोन पंचमांशाहून कमी जागेत प्रत्यक्ष चित्र आहे. माउंट रुंद असेल तर असंच होतं आणि ते दिसायला छानही वाटतं, पण घेणाऱ्याला ते आधी कळायला हवं.

लिस्टिंगमध्ये यातली दोन मापं सगळ्यात वर द्या: फ्रेमचं बाहेरचं माप आणि दिसणारं चित्र. कागदाचं आणि काचेचं माप खाली आलं तरी चालेल. सेंटीमीटर आणि इंच दोन्ही लिहा, आधी रुंदी मग उंची, आणि ‘रुंदी’, ‘उंची’ हे शब्दही लिहा, कारण आडव्या चित्रात नुसत्या आकड्यांनी हमखास गोंधळ होतो. हिशेब करून काढलेल्या मापावर विसंबू नका. पट्टीची रुंदी आणि खाच दुकानागणिक बदलते, शिवाय काच घट्ट बसू नये म्हणून कारागीर थोडी सैल जागा ठेवतात. तयार फ्रेम टेबलावर पालथी ठेवून स्टीलच्या पट्टीने मोजा. शिवणकामाची टेप जुनी झाली की ताणली जाते, ती नको.

नुसती प्रिंट विकणाऱ्यांची चूक जरा वेगळी असते. ते ‘ए-३’ लिहितात आणि कंसात ‘१२ × १८’ देतात. ए-३ हा २९.७ × ४२ सेंटीमीटर, म्हणजे साधारण ११.७ × १६.५ इंच. बाजारातल्या तयार १२ × १८ फ्रेममध्ये तो ठेवला, तर लांबीकडून दीड इंच मोकळं राहतं आणि कागद आत सरकतो. प्रिंट कोणत्या तयार फ्रेममध्ये बसते, माउंट लागतो का, हे एका ओळीत सांगितलंत तर घेणाऱ्याची फेरी वाचते.

कागदाकडे येऊ. ‘प्रीमियम पेपर’ यातून कुणालाही काही कळत नाही. कागदाचं वजन, पृष्ठभाग मॅट की चकचकीत, तो कापसाचा की लाकडाच्या लगद्याचा, आणि छपाई कशाने झाली, एवढं हवं. डिजिटल प्रेसवर ३०० जीएसएम आर्ट कार्डवर काढलेली प्रत आणि पिगमेंट शाईने कापसाच्या कागदावर काढलेली प्रत, दोन्ही ‘३०० जीएसएम’च असतात. पण पहिलीवर टोनरची हलकी चकाकी असते, दुसरीचा रंग कागदात मुरलेला दिसतो, आणि किमतीतही बराच फरक असतो. जीएसएम हे एका चौरस मीटरचं वजन आहे, जाडी किंवा दर्जा नव्हे.

छापखान्याने सांगितलेलं वजन घरी तपासता येतं. ए-४ आकाराचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो. कोऱ्या ए-४ चे दहा कागद स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, आलेल्या ग्रॅमला १० ने भागून १६ ने गुणा. ३०० जीएसएमचे दहा कागद १८७ ग्रॅमच्या आसपास भरतात. १५६ ग्रॅमच्या आसपास आले तर कागद २५० चा आहे, आणि लिस्टिंगमध्येही तेच लिहायचं.

दुसरी तपासणी नोटा बघायच्या जांभळ्या दिव्याखाली. कागद निळसर झळाळला तर त्यात पांढरेपणासाठी रसायन घातलेलं आहे. असा कागद वाईट नसतो, पण त्या रसायनाचा परिणाम वर्षांनी ओसरतो आणि कागद पिवळसर वाटू लागतो. मग त्याला ‘आर्काइव्हल’ किंवा ‘कधीच पिवळा पडणार नाही’ म्हणू नये.

आणि मथळा! छापील प्रतीला ‘पेंटिंग’ म्हणणं ही माझ्या मते सगळ्यात गंभीर चूक आहे. ‘फ्रेम पेंटिंग’ वाचणारा हाताने रंगवलेलं चित्र समजूनच पैसे देतो. ‘मूळ जलरंग चित्राची छापील प्रत, फ्रेमसह’ असं मथळ्यातच लिहा. कॅनव्हासवर छापून वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारले असतील, तर तेही सांगा. हात फिरवला की उंचवटे लागतात, आणि लोक त्याला रंगाचे थर समजतात.

फ्रेमच्या बाबतीत ‘लाकडी’ हा शब्द सैल हाताने वापरला जातो. बाजारातली पुष्कळ पट्टी फायबरची, म्हणजे प्लॅस्टिकची असते आणि वर लाकडाच्या रेषा छापलेल्या असतात. कापलेल्या टोकाकडे पाहिलं की कळतं: आत फेसासारखी बारीक छिद्रं दिसली तर फायबर, दाबलेला भुसा दिसला तर एमडीएफ, रेषा आरपार गेल्या असतील तर लाकूड. फायबर हलकं असतं, त्याला वाळवी लागत नाही, कुरिअरलाही सोपं पडतं. ‘फायबर पट्टी, सागवानी रंग’ असं सरळ लिहिण्यात काही कमीपणा नाही.

पुढे काच आहे की अ‍ॅक्रिलिक, तेही लिहायचं. आणि माउंट असेल तर त्याचा उपयोगही सांगायचा, कारण तो फक्त शोभेचा नाही. सोलापूरच्या कोरड्या हवेत काचेला टेकलेला कागद बरेचदा नीट राहतो. तीच फ्रेम रत्नागिरीला पावसाळ्यात गेली की कागद ओल धरतो, लहरतो आणि काचेला चिकटू शकतो. माउंटमुळे काच आणि कागदात फट राहते. माउंट नसलेली फ्रेम कोकणात पाठवायची असेल तर आधी घेणाऱ्याशी बोलून घ्या.

आता रंग. ‘थोडा फरक असू शकतो’ हे वाक्य सगळेच लिहितात, म्हणून कुणी वाचत नाही. कोणता रंग, कुठे, कसा वेगळा दिसेल हे सांगा. नंदीध्वजाच्या चित्रात दोन जागा अवघड होत्या. सोनेरी रंगात धातूची किंवा अभ्रकाची भुकटी असते, ती उजेड परत फेकते. चार शाईंच्या छपाईत ती चमक येऊच शकत नाही, तिथे गडद मोहरीसारखा पिवळा येतो. दुसरी जागा म्हणजे बाराबंदीचा पांढरा. तिथे कागदाचाच पांढरेपणा दिसतो, आणि कापसाचा कागद मुळात किंचित सायीच्या रंगाचा असतो. लिस्टिंगचा फोटो संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली काढलेला होता, त्यामुळे त्यात सगळी मिरवणूकच हळदीत न्हालेली दिसत होती.

फोटो काच बसवण्याआधी काढा. जागा व्हरांड्यातली, सावलीतली, जिथे आकाशाचा उजेड येतो पण ऊन थेट पडत नाही. आपल्याकडचं दहानंतरचं ऊन फार कडक, त्यात फिके रंग उडालेले दिसतात. शेजारी गुलाबी किंवा पिवळी भिंत असेल तर तिचाही रंग चित्रावर सांडतो. चित्राजवळ एक कोरा पांढरा कागद ठेवून एक फोटो काढा आणि तो कागद पडद्यावर पांढरा दिसेपर्यंत फोटोचा रंग सुधारा. मोबाइलचा रात्रीचा पिवळसर मोड तेव्हा बंद हवा.

शेवटी त्या लिस्टिंगचा मजकूर असा झाला:

‘नंदीध्वज मिरवणूक: मूळ जलरंग चित्राची छापील प्रत, फ्रेमसह. फ्रेम बाहेरून रुंदी ३४.३, उंची ४४.५ सेंमी (१३.५ × १७.५ इंच). दिसणारं चित्र १९.७ × २९.८ सेंमी (७.७५ × ११.७५ इंच), भोवती पांढरा माउंट. कापसाचा मॅट कागद, ३०० जीएसएम, पिगमेंट शाई. फायबर पट्टी, सागवानी रंग, १ इंच रुंद, पुढे काच. मूळ चित्रातला सोनेरी रंग प्रतीत चमकत नाही, गडद पिवळा दिसतो. पांढऱ्या जागा किंचित सायीच्या छटेच्या आहेत.’

पुन्हा छपाई केली की रंग सरकू शकतो, विशेषतः कागदाचा नवा गठ्ठा आला असेल तर. पहिली पसंत पडलेली प्रत अंधाऱ्या फाइलमध्ये जपून ठेवा आणि दरवेळी नवी प्रत खिडकीपाशी तिच्या शेजारी धरून बघा. फरक नजरेत भरला तर ती प्रत पाठवू नका, किंवा लिस्टिंगचा फोटो बदला.

एवढं करूनही कुणी ‘रंग वेगळा आलाय’ म्हणालं, तर वाद घालण्याआधी एक विनंती करा: चित्र दिवसा खिडकीजवळ न्यायचं, शेजारी पांढरा कागद ठेवायचा आणि फोटो पाठवायचा. फोटोत कागदही पिवळा किंवा निळा दिसत असेल, तर फरक त्यांच्या उजेडाचा किंवा फोनचा आहे आणि ते समजावून सांगता येतं. कागद पांढराशुभ्र दिसतोय आणि चित्र तरीही जपलेल्या प्रतीशी जुळत नसेल, तर चूक छपाईची आहे. तेव्हा आपल्या खर्चाने दुसरी प्रत पाठवा.