रिक्रूटरचा भलत्याच जॉबचा मेल आला? रिप्लाय करताना या चुका टाळा

समजा तुम्ही अकाउंट्समध्ये आहात, सहा वर्षं इन्व्हॉइस, व्हेंडर पेमेंट हेच काम, आणि मेल येतो की ABAP डेव्हलपर, म्हणजे SAP सॉफ्टवेअरसाठी ABAP भाषेत कोडिंग करणारा हवाय, अर्जंट, लगेच रेझ्युमे पाठवा. वरती "डिअर कँडिडेट", खाली एक टेबल भरायचं, त्यात एकूण अनुभव, रिलेव्हंट अनुभव, चालू पगार, नोटिस पिरियड वगैरे. असे मेल एका वेळी शेकडो लोकांना जातात. पाठवणाऱ्याने तुमचा रेझ्युमे उघडून बघितलेला नसतो, त्याने जॉब पोर्टलच्या डेटाबेसमध्ये साधारण असा सर्च टाकलेला असतो:

```
SAP AND ABAP
```

आणि जेवढी नावं आली तेवढ्यांना एकदम मेल. आता तुमचं नाव त्यात आलं कसं? SAP तर अकाउंट्सच्या कामामुळे रेझ्युमेत असतंच, आणि नीट बघितलं तर कुठेतरी एक ओळ सापडते, "ABAP टीमसोबत कोऑर्डिनेट करून पेमेंट रिपोर्टमधल्या चुका दुरुस्त करून घेतल्या". माणूस वाचेल तर लगेच कळेल की कोडिंग दुसऱ्यांनी केलं, पण सर्चला फक्त शब्द दिसतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे "बघू तरी काय होतंय" म्हणून टेबल भरून पाठवणं. लोक रिलेव्हंट अनुभवाच्या रकान्यात पण सहा वर्षंच लिहितात, कारण एकूण अनुभव तेवढा आहे, आणि मग कॉलवर पहिल्याच टेक्निकल प्रश्नाला विषय संपतो. पण त्याहून मोठा घोळ पुढे असतो. बऱ्याच एजन्सी एक ओळ मागतात, की अमुक कंपनीकडे माझं नाव पाठवायला माझी परवानगी आहे, असं रिप्लायमध्ये लिहा. तुम्ही हो म्हणालात की तुमचा रेझ्युमे त्या एजन्सीच्या नावाने कंपनीच्या सिस्टिममध्ये चढतो, आणि बऱ्याच कंपन्यांत तो पुढचे काही महिने त्याच एजन्सीचा कँडिडेट म्हणून धरला जातो. मधल्या काळात त्याच कंपनीत अकाउंट्सची खरोखर तुमच्या लायक जागा निघाली आणि तुम्ही थेट अप्लाय केलंत, तर कँडिडेट नक्की कोणाचा यावरून अर्ज अडकू शकतो. म्हणून कंपनीचं नाव आणि जेडी, म्हणजे कामाचं लेखी वर्णन, हातात आल्याशिवाय आणि काम आपलं आहे हे पटल्याशिवाय परवानगीची ओळ लिहायचीच नाही.

दुसरी चूक राग काढायची. "प्रोफाइल वाचता येत नाही का" असा रिप्लाय टाकून क्षणभर बरं वाटतं, पण रिक्रूटर उमेदवारांच्या नावापुढे शेरे लिहून ठेवतात आणि त्याच एजन्सीत दुसरं कोणीतरी अकाउंट्सच्या जागा भरत असतं. आणि मेल करताना सगळ्यांचे पत्ते उघडे राहिले असतील तर चुकूनही रिप्लाय ऑल करू नका, तुमचं उत्तर त्या सगळ्या अनोळखी लोकांकडे जातं.

मग उत्तर द्यायचंच का? प्रत्येक मेलला अजिबात नाही. पाठवणाऱ्याचं नाव आहे, एजन्सी खरी दिसतेय आणि ती तुमच्या क्षेत्रातल्या जागाही भरते, तरच द्या, आणि छोटं द्या:

"नमस्कार, ही डेव्हलपरची जागा आहे, माझा अनुभव अकाउंट्स पेयेबलचा आहे, ABAP कोडिंगचा अनुभव शून्य. अकाउंट्समध्ये टीम लीड लेव्हलची जागा असेल तर नक्की कळवा."

बस. रेझ्युमे जोडू नका, पगार सांगू नका, जन्मतारीख किंवा ओळखपत्राची कॉपी तर नाहीच नाही. पाठवायच्या आधी रिप्लाय दाबल्यावर वरती कुठला पत्ता येतो तो बघा. पोर्टलवरून आलेल्या मेलमध्ये बऱ्याचदा पाठवणारा पत्ता पोर्टलचा आणि रिप्लायचा पत्ता रिक्रूटरचा असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण मेलमध्ये मोठ्या कंपनीचं नाव आणि रिप्लाय मात्र फुकटच्या मेल अकाउंटवर जातोय, तर सोडून द्या. रजिस्ट्रेशन किंवा ट्रेनिंगचे पैसे मागितले की ती फसवणूकच समजा.

नुसतं "मला मेल पाठवू नका" असा रिप्लाय करूनही बहुतेक वेळा काही थांबत नाही, कारण यादी पोर्टलमधून निघते आणि पुढच्या आठवड्यात दुसरा रिक्रूटर तोच सर्च टाकतो. पोर्टलच्या सेटिंगमध्ये जाऊन रिक्रूटरचे मेल किंवा जॉब अलर्ट कमी करा. अनोळखी, संशयास्पद मेलमधल्या अनसबस्क्राइब लिंकवर क्लिक करू नका, तो मेल सरळ स्पॅममध्ये टाका.

आणि मूळ दुखणं रेझ्युमेत आहे ते तिथेच दुरुस्त करा. ती ओळ "सॉफ्टवेअर टीमकडून पेमेंट रिपोर्टमधल्या चुका दुरुस्त करून घेतल्या" अशी केली की ABAP शब्दच गेला, तुमचं काम मात्र तेवढंच दिसतं. SAP ठेवा, कारण अकाउंट्सवाल्यांना ते हवंच असतं, फक्त हेडलाइनमध्ये नुसतं "SAP" न लिहिता "अकाउंट्स पेयेबल" आधी येऊ द्या. पोर्टलवरच्या स्किल्सच्या यादीत पण बघा, रेझ्युमे अपलोड करताना पोर्टल कधीकधी स्वतःच स्किल्स उचलून टाकतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. बदल केल्यावर जुनी रेझ्युमे फाइल काढून नवी टाका, नाहीतर सर्च जुनीच फाइल वाचत राहील. ज्यांनी जुना रेझ्युमे आधीच डाउनलोड करून ठेवलाय त्यांचे मेल मात्र अजून काही दिवस येतीलच.