जुना स्मार्ट कॅमेरा घेताय? नुसतं रिसेट बटण दाबून भागत नाही

साताऱ्याला आईकडे लावायला मी एक वापरलेला वाय-फाय कॅमेरा घेतला. घरी आल्यावर पिन खुपसून रिसेट केला, दिवा लुकलुकला, क्यूआर कोड स्कॅन केला आणि अ‍ॅपवर संदेश आला: हा कॅमेरा दुसऱ्या खात्याला जोडलेला आहे. पुन्हा रिसेट, पुन्हा तेच. तासभर मी चुकीच्या जागी बोट दाबत होतो.

रिसेट बटण फक्त कॅमेऱ्याच्या आतलं पुसतं, म्हणजे वाय-फायचं नाव, पासवर्ड, सेटिंग. कॅमेरा कोणाचा, ही नोंद कंपनीच्या सर्व्हरवर सिरियल नंबरसमोर असते. काही कंपन्यांचे कॅमेरे रिसेटनंतर नवं खातं मुकाट्याने स्वीकारतात, पण बऱ्याच कंपन्या मुद्दाम तसं होऊ देत नाहीत, म्हणजे चोरलेला कॅमेरा चोराला वापरता येत नाही. ती नोंद जुन्या मालकालाच काढावी लागते.

इथेच विकणाऱ्याची चूक होते. तो फोनमधून अ‍ॅप उडवतो आणि काम झालं असं समजतो. अ‍ॅप गेलं तरी खातं तसंच राहतं. त्याने पुन्हा लॉगिन करून त्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जायचं आणि तळाशी असलेलं Remove Device किंवा Delete Device दाबायचं. कॅमेरा ऑफलाइन दिसत असला तरी तो बहुतेक अ‍ॅपमधून काढता येतो, त्यामुळे मी विकणाऱ्याला फोन केला आणि माझं काम फोनवरच झालं. त्यानंतर मी कॅमेरा चालू केला, सुरू व्हायला मिनिटभर दिलं आणि दिव्याची लय बदलेपर्यंत बटण दाबून धरलं. वीज बंद असताना दाबलं तर काहीच होत नाही. टॅपो सी२०० सारख्या मॉडेलात हे बटण लेन्स वर वळवल्यावरच दिसतं.

संदेश नीट वाचा. खात्याचा उल्लेख नसेल आणि जोडणी नुसतीच अडकत असेल, तर दोष बहुधा वाय-फायचा असतो. बहुतेक स्वस्त कॅमेरे वाय-फायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात, ५ वर नाही.

पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोरच तपासा. एका फोनचा हॉटस्पॉट २.४ वर ठेवा, दुसऱ्या फोनवरून कॅमेरा स्वतःच्या खात्यात जोडा आणि चित्र दिसलं की मगच पैसे द्या. विकणारा नंतर सापडलाच नाही, तर कंपनीच्या ग्राहकसेवेला सिरियल नंबरचा फोटो आणि बिल पाठवून विनंती करता येते. पण ती मान्य होईलच असं नाही.

खात्यातून काढल्यावरही जुन्या जोडण्यांचा विचार करा. २०१९ मध्ये गूगलचा नेस्ट कॅम इंडोअर विकलेल्या एका मालकाला, तो कॅमेरा घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणाऱ्या विंक हबला जोडलेला असल्यामुळे, नव्या घरातली चित्रं दिसत राहिली होती. गूगलने नंतर ती चूक दुरुस्त केली. म्हणून विकणाऱ्याला अलेक्सा, गूगल होम अशा जोडण्याही तोडायला सांगा.

मेमरी कार्डाला रिसेट हात लावत नाही. माझ्या कॅमेऱ्यात विकणाऱ्याच्या हॉलमधलं दोन आठवड्यांचं चित्रण तसंच होतं, त्यात त्यांची नात गुडघ्यांवर रांगत होती. त्यांना फोन करून सांगितलं आणि ते लाइनवर असतानाच अ‍ॅपमधून कार्ड फॉरमॅट केलं.